कॅसेटमधली खरखर घालवायची, पण आवाज ठेवायचा! व्हिडिओत वापरण्याआधी ‘हिस’ आणि ‘हम’ कसे काढाल?

जुन्या कॅसेटमधला आवाज व्हिडिओत घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण एकच मार्ग धरतात. कॅसेट लावायची, स्पीकरसमोर मोबाइल ठेवायचा, रेकॉर्ड करायचं आणि एखाद्या ॲपमध्ये खरखर कमी करणारी पट्टी शेवटपर्यंत सरकवायची. खरखर जाते, हे खरं. पण बोलणारा माणूस पाण्याच्या टाकीत बसून बोलतोय असं वाटू लागतं. ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरं बोबडी होतात आणि मागे कुठेतरी बारीक टिणटिण सुरू होते. कॅसेटच्या खरखरीपेक्षा हा नवा आवाज कानाला जास्त टोचतो.

हे टाळता येतं. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर आणि बरा हेडफोन पुरतो. मात्र खरखर कुठून आली हे आधी ओळखावं लागतं आणि ती योग्य क्रमाने काढावी लागते.

समजून घेण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, एका घरात 1988 सालची 60 मिनिटांची कॅसेट आहे. आजी जात्यावर दळताना ओव्या म्हणतेय आणि घरातल्या कुणीतरी साध्या टेपरेकॉर्डरवर ते टिपलंय. आता त्यातली तीन मिनिटं कुटुंबाच्या व्हिडिओत घ्यायची आहेत. या कॅसेटमध्ये आजीचा आवाज आहे, बांगड्यांची किणकिण आहे, जात्याची घरघर आहे आणि या सगळ्यावर खरखर आहे. अडचण अशी की जात्याची घरघर आणि टेपची खरखर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने जवळजवळ सारखीच असते. निष्काळजीपणा झाला तर खरखरीबरोबर जातंही जाईल आणि आजी रिकाम्या खोलीत गातेय असं वाटेल.

‘हिस’ वेगळा, ‘हम’ वेगळा

आपण सरसकट ज्याला खरखर म्हणतो, त्यात दोन वेगळे आवाज असतात.

पहिला ‘हिस’, म्हणजे सतत चालणारा ‘सस्स्स’ असा आवाज. कॅसेटच्या फितीवर चुंबकीय पदार्थाचे अतिसूक्ष्म कण असतात. आवाज नोंदवला जातो तो या कणांच्या चुंबकत्वाच्या रूपात. कण सुटे आणि विस्कळीत असल्यामुळे फीत हेडसमोरून सरकताना मूळ आवाजाबरोबर त्या विस्कळीतपणाचाही आवाज येतो. कॅसेटची फीत जेमतेम 3.81 मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला फक्त 4.76 सेंटिमीटर वेगाने सरकते. एवढ्या छोट्या जागेत आवाज बसवायचा असल्यामुळे कॅसेटला हिस चिकटलेलाच असतो. तो सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, पण कानाला जास्त जाणवतो तो वरच्या पट्टीत.

दुसरा ‘हम’, म्हणजे खालच्या पट्टीतली ‘घूंऽऽ’ अशी गुणगुण. ती येते विजेतून. भारतात घरगुती वीज 50 हर्ट्झची असते, म्हणजे सेकंदाला 50 वेळा तिची लाट पूर्ण होते. टेपरेकॉर्डरच्या ट्रान्सफॉर्मरमधून किंवा वायरमधून ही लाट आवाजात शिरली की 50 हर्ट्झचा सूर ऐकू येतो. तो एकटा येत नाही. त्याच्या पटीतले 100, 150, 200 हर्ट्झचे सूरही सोबत येतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी तिथे भरून पाठवलेली कॅसेट असेल तर हा आकडा 60, 120, 180 असा असेल, कारण तिथली वीज 60 हर्ट्झची आहे. बॅटरीच्या सेलवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटमध्ये मात्र बहुधा हम नसतोच.

हम ठरावीक जागी बसलेला असतो, म्हणून तो नेमका उचलून काढता येतो. हिस सगळीकडे पसरलेला असतो, म्हणून तो पूर्ण काढता येत नाही, फक्त कमी करता येतो.

आधी शोधा: हम कॅसेटमध्ये आहे की तुमच्या वायरमध्ये?

सॉफ्टवेअर उघडण्याआधी पाच मिनिटांची एक चाचणी करा. टेपरेकॉर्डर संगणकाला जोडा, हेडफोन लावा आणि कॅसेट न चालवता फक्त ऐका. आता ‘घूं’ ऐकू आलं तर तो हम कॅसेटमधला नाही. तो आत्ता, तुमच्या जोडणीत तयार होतोय. टेपरेकॉर्डर आणि लॅपटॉप वेगवेगळ्या प्लगमध्ये असले की त्यांच्या अर्थिंगमधून वीज फिरते आणि अशी गुणगुण सुरू होते.

लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानेच हम गायब होतो. नाही गेला तर दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या किंवा टेपरेकॉर्डर सेलवर चालवा. हे जमलं तर जो हम नंतर फिल्टर लावून काढावा लागला असता, तो आवाजाला हातही न लावता निघून जातो.

यानंतर कॅसेट चालवा आणि कुणी बोलत नसलेली जागा ऐका. इथे जो हम ऐकू येईल तो 1988 सालीच फितीवर नोंदला गेलाय. सॉफ्टवेअरचं काम फक्त त्याच्यासाठी आहे.

ही चाचणी मोबाइलच्या स्पीकरवर करू नका. मोबाइलचा इवलासा स्पीकर 50 हर्ट्झचा सूर जवळजवळ वाजवूच शकत नाही. मोबाइलवर स्वच्छ वाटलेला व्हिडिओ टीव्हीवर लावला की घुमू लागतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आवाज संगणकात घेताना

कॅसेटमधून आवाज जितका चांगला निघेल, तितकी नंतरची सफाई कमी लागते. म्हणून आधी हेड साफ करा. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन हेड हलक्या हाताने पुसा आणि सुकू द्या. कापूस तपकिरी झाला तर हेडवर जुन्या फितीचा थर होता असं समजा. हा थर बारीक, वरच्या पट्टीतला आवाज अडवतो. आवाज मंद निघतो, हिस तसाच राहतो आणि मग ‘टेपच खराब झाली’ असं वाटतं.

दुसरी गोष्ट हेडच्या कलाची. हेडच्या बाजूला एक छोटा, स्प्रिंग असलेला स्क्रू असतो. त्याने हेड किंचित डावी-उजवीकडे कलतं. ज्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट भरली त्याचं हेड आणि आजच्या टेपरेकॉर्डरचं हेड सारख्याच कोनात नसेल तर आवाज चोंदल्यासारखा येतो. कॅसेट चालू ठेवून हा स्क्रू अगदी थोडा, घड्याळाच्या काट्याच्या पाच-दहा मिनिटांएवढा, फिरवा आणि ‘स’ जिथे सर्वांत धारदार ऐकू येतो तिथे थांबा. मूळ जागा आधी पेनने खूण करून ठेवा. काम झाल्यावर तिथेच परत आणायची आहे.

टेपरेकॉर्डरवर डॉल्बीचं बटण असेल तर ते बंद ठेवा. घरगुती साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेली कॅसेट डॉल्बीची नसते. बटण चालू केल्यावर हिस कमी झाल्यासारखा वाटतो, पण त्याबरोबर आवाजाची वरची पट्टीही दबते. कॅसेट डॉल्बीवरच भरली असेल, तरच ते चालू करायचं.

जोडणी टेपरेकॉर्डरच्या लाइन-आउटमधून संगणकाच्या लाइन-इनमध्ये करा. लाइन-आउट नसेल तर हेडफोनची जागा चालेल, फक्त आवाजाचं बटण अर्ध्यावर ठेवा. आजकालच्या लॅपटॉपवर लाइन-इन नसतं, फक्त माइकची जागा असते. ती वापरली तर आवाज फाटतो, म्हणून लाइन-इन असलेलं साधं यूएसबी ऑडिओ ॲडॅप्टर घ्या. संगणकाच्या सेटिंगमध्ये खरखर कमी करण्याची किंवा आवाज आपोआप वाढवण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा.

ऑडॅसिटीत 48,000 हर्ट्झ आणि 24 बिट असं ठरवून रेकॉर्ड करा. व्हिडिओचा आवाज सहसा 48,000 हर्ट्झचा असतो, त्यामुळे नंतर बदल करावा लागत नाही. मीटरवर सर्वांत मोठा आवाज उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या मध्ये राहिला पाहिजे. शून्याला टेकला तर आवाज फाटला, आणि फाटलेला आवाज नंतर सांधता येत नाही. रेकॉर्डिंग झालं की ती फाइल WAV स्वरूपात साठवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. पुढचं सगळं काम तिच्या प्रतीवर.

आजीची कॅसेट मोनो टेपरेकॉर्डरवर भरलेली आहे, म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूला एकच आवाज आहे. हिस मात्र दोन्ही बाजूंचा वेगवेगळा आहे. म्हणून दोन्ही बाजू एकत्र करून मोनो केल्या की आजीचा आवाज एकमेकांत पुरेपूर मिळतो, हिस तसा मिळत नाही, आणि आवाज-हिस यांतलं अंतर तीन डेसिबलपर्यंत वाढतं. ऑडॅसिटीत `Tracks` मधल्या `Mix` खाली `Mix Stereo Down to Mono` हा पर्याय आहे. हेडचा कल आधीच नीट केला असेल तरच याचा फायदा होतो. नाहीतर दोन बाजू एकमेकींना खोडतात आणि आवाज आणखी चोंदतो. तसं झालं तर दोन्हींपैकी जी बाजू चांगली ऐकू येते तेवढीच ठेवा.

हमच सांगेल कॅसेट किती वेगाने चालतेय

कॅसेटमधला हम नुसता त्रासदायक नसतो, त्याच्यात एक माहितीही दडलेली असते. ऑडॅसिटीत कुणी बोलत नसलेली किमान दोन सेकंदांची जागा निवडा, `Analyze` मधून `Plot Spectrum` उघडा आणि `Size` ला 65536 द्या. आलेखात डावीकडे काही टोकदार उंचवटे दिसतील. हेच हमचे सूर.

आपल्या उदाहरणात ते 50, 100, 150 वर असायला हवे होते. समजा ते 51.5, 103 आणि 154.5 वर दिसले. याचा अर्थ कॅसेट आत्ता तीन टक्के जास्त वेगाने चालतेय. एकतर आजचा टेपरेकॉर्डर जोरात पळतोय, नाहीतर 1988 चा हळू चालत होता. परिणाम एकच: आजीचा आवाज खऱ्यापेक्षा सुमारे पाव स्वराने चढा आणि थोडा घाईचा ऐकू येतोय. ‘आजीचाच आवाज आहे, पण आजी वाटत नाही’ असं घरातल्यांना वाटलं तर अनेकदा कारण हे असतं.

50 ला 51.5 ने भागलं की 0.971 येतं. `Effect` मधल्या `Pitch and Tempo` खाली `Change Speed and Pitch` उघडून `Speed Multiplier` मध्ये हा आकडा टाका. आवाज मूळ जागी येतो आणि हमचे सूरही बरोबर 50, 100, 150 वर येऊन बसतात.

इथे थोडं सावध राहायला हवं. त्या काळात आपल्याकडे विजेची वारंवारिता नेमकी 50 वर टिकत नसे. मागणी वाढली की ती खाली जायची. रेकॉर्डिंगच्या वेळी ती 49 असेल तर हिशोब चुकतो. म्हणून टेपरेकॉर्डरचा वेग वेगळाही तपासा. विकत मिळालेली एखाद्या गाण्याची कॅसेट लावा आणि तेच गाणं ऑनलाइन किती वेळाचं आहे ते बघा. पाच मिनिटांचं गाणं तुमच्या टेपरेकॉर्डरवर चार मिनिटं 51 सेकंदांत संपत असेल तर वेगातला तीन टक्के फरक टेपरेकॉर्डरचाच आहे आणि हमने सांगितलेला आकडा खरा. दोन्ही पुरावे जुळले नाहीत तर आजीचा आवाज ओळखणाऱ्या माणसाच्या कानावर विसंबा.

हम काढताना किती खोल कापायचं?

हम आधी काढायचा, हिस नंतर. हमचे ठळक सूर मागे ठेवून हिस काढायला गेलं की सॉफ्टवेअर त्या सुरांच्या आजूबाजूचा आवाजही खरखरीत मोजतं.

50 हर्ट्झच्या सुरासाठी सोपा उपाय म्हणजे ठरावीक रेषेखालचं सगळं कापणारा `High-Pass Filter`. तो `Effect` मध्ये `EQ and Filters` खाली सापडतो. बाईच्या आवाजाचा पायाचा सूर साधारण 165 हर्ट्झच्या पुढे असतो, पुरुषाचा 85 च्या आसपासपासून सुरू होतो. म्हणून आजीच्या आवाजासाठी ही रेषा 100 हर्ट्झवर ठेवता येते. आजोबांचं भाषण असतं तर 70 च्या वर नेऊ नये. `Roll-off` ला 24 डेसिबल दिलं तर 100 हर्ट्झच्या रेषेने 50 चा सूर 24 डेसिबलने खाली जातो. एवढ्याने तो ऐकू येणं जवळजवळ थांबतं.

पण आजीच्या कॅसेटमध्ये जातं आहे. दगडाच्या घरघरीतला भारदस्तपणा याच खालच्या पट्टीत असतो. रेषा 100 वर ठेवल्यावर जातं हलकं, पत्र्याचं वाटायला लागलं तर ती 70 वर आणा आणि 50 चा उरलेला सूर `Notch Filter` ने काढा. हा फिल्टर एकाच सुराभोवती अरुंद खाच पाडतो. `Frequency` ला 50 आणि `Q` ला 10 दिलं तर खाच सुमारे पाच हर्ट्झ रुंद होते. मग 100 साठी `Q` 20 आणि 150 साठी 30, म्हणजे तिन्ही ठिकाणी रुंदी तेवढीच राहते. `Q` चा आकडा लहान ठेवला तर खाच रुंद होते आणि आवाजाचा गाभाच खरवडला जातो. घरातल्या टेपरेकॉर्डरचा वेग थोडा हलतो, त्यामुळे सूरही किंचित इकडेतिकडे सरकतो. अतिशय अरुंद खाच त्याला पकडू शकत नाही.

`Plot Spectrum` पुन्हा उघडा. 200, 250 वर अजून टोकं दिसत असतील आणि कानालाही जाणवत असतील तरच पुढच्या खाचा पाडा. आलेखात दिसतं पण ऐकू येत नाही, असा सूर सोडून द्यावा.

हिस: नमुना कुठून घ्यायचा, यावर सगळं अवलंबून

हिसचं पहिलं काम अगदी साधं आहे. घरगुती टेपरेकॉर्डरवर फार वरच्या पट्टीतला आवाज नोंदला जातच नाही. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूतून `Spectrogram` निवडा. ‘स’ असलेला एखादा शब्द शोधा. तो उभ्या धुरकट पट्ट्यासारखा दिसेल. तो पट्टा जिथे संपतो, समजा 9,000 हर्ट्झवर, त्याच्या वर आजीचं काही नाही, नुसता हिस आहे. `Low-Pass Filter` ने 10,000 च्या वरचं कापून टाका. यात गमावण्यासारखं काही नसतं.

उरलेल्या हिससाठी `Noise Removal and Repair` खालचं `Noise Reduction`. त्याची रीत दोन पायऱ्यांची आहे. आधी नुसती खरखर असलेला तुकडा दाखवून `Get Noise Profile` दाबायचं, मग सगळा आवाज निवडून परिणाम लावायचा. सॉफ्टवेअर आवाजाचे अनेक बारीक पट्टे करतं आणि प्रत्येक पट्ट्यात नमुन्यापेक्षा हळू असलेलं सगळं दाबतं. म्हणजे नमुन्यात जे असेल, ते जाणार.

इथेच जात्याचा प्रश्न येतो. जातं फिरत असतानाचा तुकडा नमुना म्हणून दिला तर सॉफ्टवेअर घरघरीलाही खरखर समजेल. म्हणून आजी दाणे टाकायला थांबते, जातंही थांबतं आणि ओवीही थांबते, अशी जागा शोधा. सेकंदभर मिळाला तरी पुरे. कॅसेटच्या सुरुवातीची कोरी फीत नमुना म्हणून घेऊ नका. तिथे टेपरेकॉर्डरच्या माइकची आणि खोलीची खरखर नसते, त्यामुळे नमुना अपुरा पडतो.

आणखी एक बारकावा आहे. त्या काळच्या घरगुती टेपरेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप जुळवणारी सोय असायची. कुणी बोललं की ती पातळी खाली घ्यायची, शांतता झाली की हळूहळू वर चढवायची. त्यामुळे लांब शांततेच्या शेवटी माइकची खरखर बोलण्यामागच्या खरखरीपेक्षा कितीतरी मोठी असते. तिथला नमुना घेतला तर सॉफ्टवेअर गरजेपेक्षा जास्त कापतं आणि आवाज पाण्याखाली जातो. नमुना नेहमी आवाज थांबल्याबरोबरच्या पहिल्या सेकंदातून घ्यावा.

आता आकडे. `Noise reduction` ला 6 डेसिबल, `Sensitivity` ला 4 आणि `Frequency smoothing` ला 3 देऊन सुरुवात करा. ऐका. आणखी हवं असेल तर नव्याने नमुना घेऊन 4 ते 6 डेसिबलचा दुसरा हात द्या. एकदम 20 डेसिबलचा एक हात देण्यापेक्षा हे दोन हलके हात कमी नासधूस करतात. दोन्ही मिळून 10-12 डेसिबलच्या पुढे सहसा जाऊ नये.

जास्त झालं, हे कसं ओळखायचं?

याच खिडकीत `Residue` नावाचा पर्याय आहे. तो निवडून `Preview` दाबलं की सॉफ्टवेअर जे फेकून देणार आहे, तेवढंच ऐकू येतं. हा कचरा ऐकणं ही सगळ्या कामातली सर्वांत उपयोगाची सवय. त्यात नुसता ‘सस्स’ असेल तर ठीक. त्यात आजीचे शब्द कळत असतील, बांगड्या वाजत असतील किंवा जात्याच्या फेऱ्यांचा ठेका लागत असेल तर आवाज कापला जातोय. आधी `Sensitivity` कमी करा, मग डेसिबल.

दुसरी चाचणी अक्षरांची. ‘सासर’, ‘सखी’, ‘शेला’, ‘चुडा’ असे शब्द ओव्यांत हटकून येतात. ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरं स्वतःच हिससारखी असतात, त्यामुळे पहिला मार त्यांनाच बसतो. मूळ फाइल आणि साफ केलेली फाइल आलटूनपालटून ऐका. मूळ फाइलमध्ये स्पष्ट असलेला ‘स’ नव्या फाइलमध्ये ‘थ’कडे झुकला असेल तर मागे या. ओळीच्या शेवटी विरत जाणारा स्वर अचानक तुटतोय का, हेही तपासा.

एकाच पद्धतीच्या बऱ्याच फाइली असतील आणि संगणकावर आज्ञा टाइप करायची सवय असेल तर वेग दुरुस्त केलेल्या फाइलवर हेच काम एफएफएमपेग या मोफत साधनाने एका ओळीत होतं:

```
ffmpeg -i ovi.wav -af "highpass=f=70,bandreject=f=50:width_type=q:w=10,bandreject=f=100:width_type=q:w=20,bandreject=f=150:width_type=q:w=30,lowpass=f=10000,afftdn=nr=8:nf=-50" -c:a pcm_s24le ovi_saaf.wav
```

यातला `nr` म्हणजे किती डेसिबल कमी करायचं आणि `nf` म्हणजे खरखरीची अंदाजे पातळी. इथे नमुना दाखवलेला नसतो, त्यामुळे जात्यासारखे आवाज असतील तिथे हाताने केलेलं कामच बरं.

व्हिडिओत टाकताना

आवाजाची उंची वाढवण्याचं काम सगळ्यात शेवटी. `Volume and Compression` खाली `Loudness Normalization` मध्ये उणे 16 LUFS ठेवलं तर मोबाइलवर पुरेसं ऐकू येतं. आवाज 8 डेसिबलने वाढला तर उरलेला हिसही तेवढाच वाढतो. ‘इतकं साफ केलं तरी खरखर तेवढीच’ असं इथे वाटू शकतं. घाबरून पुन्हा सफाईला लागू नका. आवाज आणि हिस यांच्यातलं अंतर वाढलेलं असतं, आणि कानाला महत्त्वाचं ते अंतर असतं.

थोडा हिस उरू द्या. दोन ओव्यांच्या मधली जागा पूर्ण शांत केली तर प्रत्येक ओळ सुरू होताना मागून हिस उसळतो आणि संपताना तुटतो. ही उघडझाप सततच्या मंद हिसपेक्षा जास्त लक्ष वेधते. त्यापेक्षा व्हिडिओत आवाज अर्ध्या सेकंदात हळूहळू वर आणा आणि शेवटी एक-दोन सेकंदांत उतरवा. मधला एखादा भाग कापला असेल तर दोन्ही तुकडे थोडे एकमेकांवर चढवा, म्हणजे सांधा कळणार नाही. लांब शांतता असेल तर ती साफ करत बसण्याऐवजी कापून टाका.

व्हिडिओ तयार झाला की तीन ठिकाणी ऐका: हेडफोनवर, मोबाइलच्या स्पीकरवर आणि टीव्हीवर. हेडफोनवर टिणटिण कळते, मोबाइलवर शब्द समजतात की नाही ते कळतं आणि टीव्हीवर राहिलेला हम उघडा पडतो.

काय सुधारत नाही?

काही गोष्टींना उपाय नाही. रेकॉर्डिंगच्या वेळीच फाटलेला आवाज, माइकपासून इतक्या दूरचं बोलणं की ते हिसच्याही खाली गेलंय, किंवा फितीवरचा थरच झडल्यामुळे पडलेली पोकळी, हे या पद्धतीने परत येत नाही. एखादा शब्द कानांनी अजिबात ओळखता येत नसेल तर सफाईने तो उगवत नाही. अशा ठिकाणी व्हिडिओत खाली ओळ लिहून देणं हा सरळ मार्ग आहे, आणि शब्द काय आहे हे सांगू शकणारं माणूस घरात असेल तर तो आत्ताच विचारून घेतलेला बरा.

न साफ केलेली मूळ WAV फाइल मात्र दोन ठिकाणी जपून ठेवा. 24 बिट, 48,000 हर्ट्झच्या मोनो आवाजाला मिनिटाला साधारण साडेआठ एमबी जागा लागते, म्हणजे कॅसेटची एक पूर्ण बाजू 260 एमबीच्या आसपास बसते. स्टिरिओ ठेवली तर दुप्पट. फाइलच्या नावात कॅसेटची बाजू आणि तारीख लिहा, आणि कॅसेटच्या वेष्टनाचा फोटोही सोबत ठेवा. त्यावरचं हस्ताक्षर हाच बऱ्याचदा रेकॉर्डिंग कुणाचं आणि कधीचं याचा एकमेव पुरावा असतो.